काकांना फोटोत घेताना

मावसबहिणीचा निरोप दोनच ओळींचा होता. "ताई, सगळ्यांच्या फोटोत बाबांना घेता येईल का? आईला सांगू नकोस, तिला सरप्राइज द्यायचंय." सोबत फोटो. व्हरांड्यात पुढे खुर्च्यांवर मावशी आणि मोठी मंडळी, मागे उभी असलेली आम्ही सगळी. साल 2023. तिचे बाबा, म्हणजे माझे काका, 2016 मध्ये गेले.

फोटोंची दुरुस्ती हे माझं रोजचं काम आहे. गेलेल्या माणसाला फोटोत आणायची मागणी नेहमी येते, आणि त्यातल्या निम्म्या तरी वेळा 'सरप्राइज' हा शब्द असतोच. मी त्याला सरळ नाही म्हणते. गेलेला नवरा अचानक आपल्या शेजारी उभा दिसला तर बाईने काय करायचं? रडू आलं तर भोवती फोन घेऊन उभी असलेली पोरं. राग आला तर तो दाखवायची सोय नाही, कारण सगळ्यांनी हौसेने केलंय. तेव्हा बहिणीला म्हटलं, आधी मावशीला विचारू, मग तुझ्या दादाला विचारू, आणि दोघांचं ऐकून झाल्याशिवाय मी फाइल उघडणार नाही.

मावशीला फोन मीच केला. असं विचारताना "बरं दिसेल ना?" असा सूर लावला की समोरचा माणूस हो म्हणून मोकळा होतो, म्हणून तसं विचारायचं नाही. मी म्हटलं, "मावशी, पोरीच्या मनात असं असं आहे. तुला हवं असेल तरच करायचं, नको असेल तर हा विषय इथेच संपला. आत्ता उत्तर द्यायची घाई नाही." ती जरा वेळ काही बोलली नाही. मग उत्तर देण्याऐवजी तिने विचारलं, "कुठे उभं करणार ह्यांना?"

"तू सांग."

"मधे नको. ते कधी मधे उभे राहायचे नाहीत. कडेला. आणि शेवटच्या वर्षातला फोटो घेऊ नकोस, तो चेहरा त्यांचा नव्हताच."

पुढच्या कामाचा निम्मा आराखडा या चार वाक्यांत आला. मुलं बहुतेक वेळा बाबांना मधोमध, आईच्या शेजारी मागतात. पण गेलेल्या माणसाला फोटोचा केंद्रबिंदू केलं की बाकीचे त्याच्याभोवती जमलेले दिसतात आणि कौटुंबिक फोटोचा श्रद्धांजलीचा फोटो होतो. शिवाय मधली जागा तंत्राच्या दृष्टीनेही सगळ्यात अवघड: दोन्ही बाजूंना माणसं, पायापर्यंत सगळं उघडं, आणि बघणाऱ्याची नजर पहिली तिथेच जाते.

दादा मात्र विरोधात होता, आणि त्याचं म्हणणं मला आजही पटतं. "बाबा त्या दिवशी तिथे नव्हते. सगळे जमलो आणि ते नव्हते, हेच तर आठवणार आहे मला त्या दिवसाचं. ते पुसून कशाला टाकायचं?" मी त्याची समजूत घालायला गेले नाही. मूळ फोटो जसाच्या तसा राहील, त्याचीही चांगली प्रत छापून तुला मिळेल, आणि नव्या फोटोवर तो जोडलेला आहे हे लिहिलेलं असेल, एवढं सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "लिहिलेलं असेल तर माझी हरकत नाही. पण मला तो नको." घरात दोन मतं असली तर दोन फोटो असावेत. एकाच फोटोवर सगळ्यांची सही मागायला गेलं की शेवटी कोणीतरी गप्प बसतं, आणि त्याला आपण होकार समजतो.

मग काकांचा कोणता फोटो घ्यायचा याचा शोध. इथे घरच्यांची आवड आणि कामाची गरज हमखास वेगवेगळी निघतात. बहिणीने आधी भिंतीवरचा मोठा फोटो पाठवला. तो मुळात ओळखपत्रासाठी काढलेला, अगदी समोरून फ्लॅश मारलेला. अशा चेहऱ्यावर सावलीच नसते. व्हरांड्यातल्या एका बाजूने आलेल्या मऊ उजेडात तो ठेवला की कागदावरून कापून चिकटवल्यासारखा दिसतो. दुसरा तिचा लाडका, 2014 चा, काका खळखळून हसताहेत. पण तो तिने हात लांब करून फोनवर काढलेला. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं येतं आणि कान मागे सरकतात. हा दोष लेन्सपेक्षा अंतराचा, म्हणून तो नंतर नीट निघत नाही. आमचा गटाचा फोटो दहा-बारा फुटांवरून काढलेला होता. त्या रांगेत हा चेहरा ठेवला असता तर काहीतरी चुकतंय एवढंच सगळ्यांना जाणवलं असतं. काय चुकतंय ते कोणालाच सांगता आलं नसतं.

त्या हसऱ्या फोटोत आणखी एक अडचण होती: उजेड उलट्या बाजूचा. गटाच्या फोटोत तो बघणाऱ्याच्या डावीकडून येत होता, यात उजवीकडून. नाकाची सावली कुठल्या गालावर पडते आणि बुबुळात चमकता ठिपका कुठल्या बाजूला आहे, या दोन गोष्टी पाहिल्या की उजेडाची दिशा लगेच कळते. बहिणीने विचारलं, "मग उलटा कर ना. आरशासारखा." उलटवणं एका क्लिकचं काम आहे, पण गेलेल्या माणसाच्या बाबतीत मी ते करत नाही. कुठलाही चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. काकांचा भांग डावीकडे, एक भुवई किंचित वर, डाव्या गालावर तीळ. ज्या बाईने तो चेहरा चाळीसेक वर्षं समोरून पाहिला, तिला उलटा चेहरा परका वाटणार. गंमत म्हणजे काकांना स्वतःला तो चालला असता, कारण आपण स्वतःला आरशात तसेच पाहतो. पण फोटो त्यांच्यासाठी नव्हता.

शेवटी कामाला आला तो कोणालाच विशेष न वाटलेला फोटो. 2012 चा, दादाने काढलेला, काका घराच्या दारात उभे, कमरेपर्यंत दिसणारे, फिकट निळा शर्ट, चष्मा, हसू म्हणावं तर आहे. उजेड डावीकडून आणि मऊ. अंतर आठ-दहा फूट. कॅमेरा छातीच्या उंचीला, तसाच गटाच्या फोटोतही होता. कॅमेऱ्याची उंची जुळते का हे तपासायची एक साधी खूण आहे: नाकपुड्या आणि हनुवटीखालचा भाग दोन्ही फोटोंत साधारण सारखा दिसायला हवा. एकात वरून पाहिलेलं डोकं आणि दुसऱ्यात खालून पाहिलेली हनुवटी असेल तर बाकी कितीही मेहनत घेतली तरी माणूस त्या रांगेत उभा राहत नाही.

मूळ फाइल कोणाकडेच उरली नव्हती, होती ती पोस्टकार्डाएवढी छापील प्रत. त्या प्रतीवर काकांचा चेहरा, हनुवटीपासून डोक्याच्या टोकापर्यंत, 1.8 सेंटीमीटर भरला. तो 600 डीपीआयला, म्हणजे इंचाला 600 पिक्सेल घेत, स्कॅन केला की साधारण 425 पिक्सेल होतात. गटाच्या फोटोत मागच्या रांगेतल्या दादाचा चेहरा 420 पिक्सेलचा. आकडे जुळले म्हणून लगेच खूश व्हायचं नसतं. फोटो लॅबमधली छापील प्रत साधारण 300 डीपीआयची असते, त्यामुळे 600 ला स्कॅन केलं तरी खरा तपशील साधारण निम्म्याच पिक्सेलांएवढा मिळतो. काका शेजारच्यांपेक्षा किंचित मऊ दिसणार हे ठरलेलंच होतं. मागची रांग, कडेची जागा ही मावशीची निवड इथे पुन्हा उपयोगी पडली, कारण रांगेच्या टोकाला मूळ फोटोही थोडा मऊच होता. असा चेहरा धारदार करायचा मोह टाळावा. शार्पन केल्यावर पापण्या नि सुरकुत्या ठळक होतात, पण त्या काकांच्या राहत नाहीत, फिल्टरच्या होतात. स्कॅन करताना प्रत एकदा सरळ आणि एकदा 180 अंशांत फिरवून घेतली. कागदाच्या पोताचे चमकते कण दोन स्कॅनमध्ये उलट बाजूंनी पडतात. दोन्ही थर नीट जुळवून वरच्या थराची अपारदर्शकता 50 टक्के ठेवली की ते बरेच निवळतात.

उंची कशी ठरवायची, हा प्रश्न लोक डोळ्यांनी सोडवतात आणि बहुधा गेलेल्या माणसाला नकळत मोठं करून ठेवतात. मी फीतच लावते. दादा पाच फूट आठ इंच, काका पाच सहा. मोठ्या माणसांच्या डोक्याची उंची फारशी बदलत नाही, नऊ इंच धरली तरी चालते. दादाचं डोकं 420 पिक्सेल म्हणजे एका इंचाला साधारण 47 पिक्सेल. तेव्हा त्याच्याच शेजारी, तेवढ्याच अंतरावर उभ्या असलेल्या काकांचा माथा दादाच्या माथ्यापेक्षा 93-94 पिक्सेल खाली हवा. ठेवून पाहिलं तर बहीण म्हणाली, "बाबा इतके बुटके नव्हते." दादाचं उत्तर तयार होतं: "होते. तू लहान होतीस." आकडा तसाच ठेवला.

जागा बघणाऱ्याच्या दृष्टीने दादाच्या उजवीकडे, रांगेच्या टोकाला. तिथे भिंतीचा मोकळा तुकडा होता. त्याच्यापुढे बहीण उभी, आणि कडेला एक मोठी कुंडी. काकांचा फोटो कमरेपर्यंतच होता. बहिणीचा खांदा आणि कुंडी यांच्यामुळे त्याखालचं काही दाखवायची वेळच आली नाही. जोडलेला माणूस सगळ्यांच्या पुढे, पूर्ण उघडा उभा केला की तो तरंगतो. कोणाच्या तरी मागे अर्धा झाकला की तो त्या जागेत शिरतो. यात कारागिरीही फार लागत नाही, जागा निवडण्यातच काम होऊन जातं.

अवघड ठरले ते काकांचे नव्हे, बहिणीचे केस. मोकळे सोडलेले, वाऱ्यावर उडालेल्या बटा पांढऱ्या भिंतीवर पसरलेल्या, आणि आता त्या बटांच्या मागे काकांचा शर्ट यायला हवा. एकेक केस निवडत बसायचं कारण नाही. मूळ फोटोतला तिच्या केसांचा भाग वेगळ्या थरावर घेऊन काकांच्या वर ठेवला आणि थराचा मोड Darken केला. या मोडमध्ये दोन थरांपैकी जो गडद असेल तोच दिसतो. भिंत शर्टापेक्षा उजळ, म्हणून भिंत नाहीशी झाली आणि काळे केस शर्टावर उरले. काकांचा शर्ट भिंतीहून पांढरा असता तर ही युक्ती चालली नसती. काकांची स्वतःची कड लेयर मास्कने, म्हणजे नको तो भाग न पुसता नुसता झाकून, काढली. खोडरबराने कधीच काढत नाही, कारण पुसलेलं परत येत नाही आणि अशा कामात कान-खांद्याची कड दहा वेळा मागेपुढे करावी लागते.

रंगाचं काम मात्र सांभाळून करावं लागलं. जुन्या प्रतीतला काळा रंग राखाडी झालेला असतो. 0 म्हणजे काळा आणि 255 म्हणजे पांढरा या मापावर काकांच्या केसांचा सगळ्यात गडद भाग 45 च्या आसपास, तर गटाच्या फोटोत दादाच्या केसांत तोच 20-25. आधी हा काळा बिंदू उजळ-गडदपणा बदलणाऱ्या Curves ने खाली आणला, मग लाल, हिरवा, निळा असा एकेक चॅनेल जुळवत प्रतीवरची पिवळट झाक काढली. जुळवण्यासाठी आधार घेतला तो डोळ्यांच्या पांढऱ्याचा, चष्म्याच्या धातूच्या काडीचा आणि केसांचा. त्वचेचा नाही. शेजारच्या माणसाच्या त्वचेशी त्वचा जुळवायला गेलं की बापाला लेकाचा रंग चढतो. काका दादापेक्षा सावळे होते आणि फोटोतही तसेच राहायला हवे होते. गेलेल्या माणसाला हळूच उजळवायची खोड आमच्या धंद्यात फार आहे. 'छान दिसतात' म्हणून घरचे क्षणभर सुखावतात, पण महिन्याभराने कोणीतरी म्हणतंच, हे तसे नव्हते.

शेवटचे हात म्हणजे कण आणि सावली. कॅमेऱ्याच्या फोटोत बारीक कण असतात, स्कॅन केलेला चेहरा त्यापुढे गुळगुळीत दिसतो. त्यासाठी कण घालणारा फिल्टर: Add Noise, Gaussian, Monochromatic, दोन-अडीच टक्के. 100 टक्क्यांवर झूम करून दादाच्या गालाशी ताडून पाहायचं. दादाच्या खांद्यामागे काकांचा दंड जातो तिथे हलकी सावली, खालचं गडद करणाऱ्या Multiply थरावर मऊ ब्रशने, दहा-पंधरा टक्के अपारदर्शकतेची. सावलीचा रंग काळा घ्यायचा नाही, त्याच फोटोतल्या दुसऱ्या सावलीतून उचलायचा. मग सगळ्याच्या वर एक Curves थर टाकून कॉन्ट्रास्ट अगदी भसकन वाढवला. एरवी न दिसणारे फरक त्यात उघडे पडतात. आमच्या फोटोत काकांच्या कानामागे फिकट निळसर कड उमटली, म्हणजे तिथे अजून जुन्या दाराचा रंग शिल्लक होता. ती कड पिक्सेलभर आत घेतली आणि थर काढून टाकला.

इतकं होईपर्यंत मी कोणालाही काही पाठवलं नव्हतं. अर्धवट काम घरच्यांना दाखवू नये हा माझा नियम आहे, कारण या कामाच्या मधल्या पायऱ्या भयंकर दिसतात: मोकळ्या पांढऱ्यावर कमरेत कापलेला माणूस, एका बाजूने लाल झालेला मास्क. आपल्याला तो थर असतो, त्यांना वडील असतात. जागा आणि उंची विचारायची असेल तेव्हा पूर्ण फोटोच, लहान करून, आणि "आत्ता बघायचाय की निवांत?" असं आधी विचारून पाठवायचा.

बहिणीची एक इच्छा तरीही राहिली होती. बाबांचा हात आईच्या खांद्यावर हवा. काका मागे टोकाला, मावशी पुढे मधे. हात तिथपर्यंत पोचणारच नव्हता. मग ती म्हणाली, दोघांना जवळ घे. पण खरी अडचण अंतराची नव्हती. तसा हात असलेला काकांचा फोटोच नव्हता, म्हणजे तो दुसऱ्या कोणाचा तरी हात असता. मावशीच्या खांद्यावर परक्या पुरुषाचा हात, शर्टाची बाही काकांची. मी तिला तसंच, याच शब्दांत सांगितलं आणि विषय मिटला. पुढे मावशीला हे कळलं तेव्हा ती हसली. "ह्यांनी चारचौघांत कधी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता?" तेव्हापासून मी हे स्पष्टच धरून चालते: फोटोतल्या माणसाचं जे काही असेल ते त्याच्याच फोटोंतून आलेलं हवं, आणि त्याने जिवंत असताना जे केलं नाही ते त्याच्याकडून आता करवून घ्यायचं नाही.

फोटो मावशीला दाखवायला मी स्वतः गेले. फोनवर नाही, लॅपटॉपच्या मोठ्या पडद्यावर; आधी मूळ फोटो, तो नीट पाहून झाल्यावर नवा. मधे मी सांगितलं, "आता काका दिसतील, उजव्या टोकाला." ती बराच वेळ पाहत राहिली. पहिलं वाक्य आलं ते असं: "खिशात पेन नाही."

खरंच नव्हतं. 2012 च्या त्या फोटोत काकांच्या खिशात पेन नव्हतं, पण इतर जवळजवळ प्रत्येक फोटोत होतं. "हवं का?" म्हटलं तर म्हणाली, "असतंच ना ते." मग त्याच सुमाराच्या दुसऱ्या फोटोतून, त्यांच्याच खिशातलं पेन घेतलं. चार मिलिमीटरची टोपी, पण मावशीच्या दृष्टीने काका आले ते तेव्हा. चेहऱ्याबद्दल ती काहीच बोलली नाही, आणि माझ्या कामात याहून चांगली पावती नसते.

मग दादाला दिलेला शब्द. फोटोखाली दीड सेंटीमीटरची पांढरी पट्टी ठेवून तिच्यावर सगळ्यांची नावं डावीकडून उजवीकडे, आणि शेवटी: "फोटो 2023. उजवीकडून पहिले बाबा. त्यांचा 2012 मधला फोटो नंतर जोडला आहे." वाक्यावर थोडी चर्चा झाली. बहिणीला 'स्मृतीरूपाने उपस्थित' हवं होतं. ऐकायला बरं वाटतं, पण पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला त्यातून काय झालं ते कळणार नाही. साल आणि 'जोडला' हे क्रियापद, दोन्ही हवेतच. फोटोच्या पाठीवर लिहून भागत नाही, कारण पाठ फ्रेममध्ये जाते. फाइलच्या माहितीतल्या Description मध्येही मी हेच लिहिलं, पण तेवढ्यावर विसंबू नये. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ती माहिती गळून जाते. पट्टी मात्र फोटोचाच भाग असते. कोणी भिंतीवरच्या फ्रेमचा फोनने फोटो काढला तरी ती सोबत येते.

हे फार कडक वाटतं अशी तक्रार मी ऐकलेली आहे. घरातलाच तर फोटो, कोणाला फसवायचंय? पण या कलेचा जुना इतिहास फसवणुकीचाच आहे. अमेरिकेत 1860 च्या दशकात विल्यम मम्लर नावाचा छायाचित्रकार ग्राहकाच्या फोटोत मागे त्याच्या गेलेल्या नातेवाइकाची धूसर आकृती आणून द्यायचा आणि तो आत्मा आहे असं सांगायचा. 1869 मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर फसवणुकीचा खटला चालला, पुराव्याअभावी तो सुटला. त्यानंतर अब्राहम लिंकन यांच्या विधवा पत्नीनेही त्याच्याकडे फोटो काढून घेतला, त्यात लिंकन मागे उभे आहेत. त्या बाईला त्या फोटोने आधार मिळालाही असेल. पण तिला सांगितलं गेलं ते खोटं होतं. मी करते ते आणि मम्लर करायचा ते, यात हाताच्या कामाचा फरक फार नाही. फरक आहे तो फोटोबरोबर काय सांगितलं जातं याचा.

कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो कोणी टाकायचा हेही आधी ठरवलं. मावशीनेच टाकला, कारण तिच्या हातून गेल्यावर "वहिनींना चालेल का?" हा प्रश्न कोणी विचारणार नव्हतं. आधी मूळ फोटो, `kutumb-2023-mool.jpg`, मग नवा, `kutumb-2023-jodlela.jpg`, दोन्ही डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे दर्जाही टिकतो आणि नावही. मजकूर आम्ही दोघींनी मिळून लिहिला: "पहिला फोटो त्या दिवशीचा. दुसऱ्यात ह्यांचा जुना फोटो माझ्या सांगण्यावरून जोडून घेतला आहे. ज्याला जो हवा तो ठेवावा." शेवटचं वाक्य दादासाठी होतं. ग्रुपवर हार, हात जोडलेले, रडके चेहरे असं सगळं आलं. एका आत्याबाईंनी विचारलं, हे कधी आले होते? त्यांनी मजकूर वाचलाच नव्हता. नुसता फोटो पाहून किती चटकन विश्वास बसतो ते तिथेच दिसलं.

मोठ्यांचं ठीक आहे, त्यांना काका गेल्याचं माहीत आहे. मला काळजी होती दादाच्या मुलाची. तो जन्मला तो काका गेल्यानंतर. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेला एक मानसशास्त्रीय प्रयोग आमच्या व्यवसायातल्या माणसाने वाचायलाच हवा. संशोधकांनी वीस प्रौढांना त्यांचाच लहानपणीचा फोटो गरम हवेच्या फुग्यात बसवून दाखवला. तसा प्रवास त्यांनी कधी केलेला नव्हता, तरी काही मुलाखतींनंतर निम्म्या जणांना तो पूर्ण किंवा थोडाफार आठवायला लागला. मोठ्यांचं हे, तर लहान मुलाला आजोबांच्या शेजारी उभा असलेला स्वतःचा फोटो रोज भिंतीवर दिसला तर तो काय आठवणी बनवेल, हे वेगळं सांगायला नको. म्हणून वहिनीला म्हटलं, फोटो लावायच्या आधी त्याला सांगा, आणि एकदाच सांगून थांबू नका.

अपेक्षेप्रमाणे त्याने मावशीला विचारलंच, "आजी, मी आजोबांना भेटलो होतो?" मावशी म्हणाली, "नाही रे. तू यायच्या आधीच ते गेले. हा त्यांचा जुना फोटो आहे, आत्याने कॉम्प्युटरवर आपल्या फोटोत बसवला. मीच सांगितलं तिला, सगळे एकत्र बघावेसे वाटले म्हणून." त्याचा पुढचा प्रश्न होता, मग डायनासोर पण बसवता येईल का. येईल म्हटलं. मुलाला इतपतच सांगायचं असतं: भेट झाली नव्हती, फोटो कोणी आणि का केला. 'आजोबा आपल्यासोबतच आहेत' वगैरे त्यात मिसळलं की त्याच्या डोक्यात दोन्हींची सरमिसळ होते.

एवढ्यावर बहीण थांबली नाही. काही दिवसांनी तिला बाबांच्या मांडीवर नातू हवा होता, दोघांचाच फोटो. तो मी केला नाही. गटाच्या फोटोत काका कडेला उभे आहेत, ते कोणाशी काही करत नाहीत. मांडीवर घेणं ही घडलेली घटना असते, आणि ती घडली नव्हती. शिवाय दोनच माणसांच्या फोटोतून पट्टी कातरली गेली तर तो जोडलेला आहे हे सांगणारं दुसरं काहीच उरत नाही. त्याऐवजी काय करता येईल म्हणून जुन्या अल्बमांत शोधायला सांगितलं, तेव्हा फोटो काढून दिला तो दादाने: काकांच्या मांडीवर वर्षाचा दादा. दादाचा त्याच्या मुलाबरोबरचा तसाच एक फोटो होता. दोन्ही एकाच मापाचे करून शेजारी शेजारी छापले, प्रत्येकाखाली त्याचं साल घातलं, आणि मधली पांढरी पट्टी मुद्दाम रुंद ठेवली. अरुंद ठेवली असती तर लांबून तो एकच फोटो वाटला असता.